टक्का कशावर काढायचा? घसाऱ्याच्या दोन पद्धती, एक गिरणी आणि चार चुकीचे पर्याय

घसाऱ्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "सर, सूत्र पाठ आहे, तरी क्विझमध्ये उत्तर चुकतं. असं का?" बहुतेक वेळा गुणाकार बरोबर असतो, पण टक्का चुकीच्या रकमेवर काढलेला असतो. म्हणून आज सूत्रं बाजूला ठेवू आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारू: हा टक्का कशावर काढायचा?

वही-पेन घ्या. आपण एकच गणित दोन्ही पद्धतींनी शेवटपर्यंत सोडवणार आहोत. शेवटी दोन्ही पद्धती एकाच आकड्यावर येतात का, तेही तपासणार आहोत.

आपलं गणित

एका गिरणीवाल्याने १ ऑक्टोबर २०२१ रोजी पिठाची गिरणी घेतली. यंत्राची किंमत १,८५,००० रुपये. टेम्पोचं भाडं ५,००० रुपये. पाया घालणं आणि विजेची जोडणी मिळून १०,००० रुपये. मार्चमध्ये पट्टा बदलण्यासाठी ३,००० रुपये खर्च झाले. गिरणीचं आयुष्य १० वर्षं धरलं आहे आणि त्यानंतर भंगारात २०,००० रुपये येतील असा अंदाज आहे. हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ही गिरणी १,३०,००० रुपयांना विकली. सरळ रेषा पद्धतीने आणि दरसाल २० टक्के दराने घटत्या शेषाच्या पद्धतीने घसारा काढा, आणि विक्रीवर नफा झाला की तोटा ते सांगा.

पहिलीला स्ट्रेट लाइन मेथड किंवा एसएलएम म्हणतात. दुसरी म्हणजे रिटन डाउन व्हॅल्यू, म्हणजेच डब्ल्यूडीव्ही. पाठ्यपुस्तकात ती 'ऱ्हासमान शेष पद्धत' या नावानेही दिसेल. नाव कोणतंही असो, गणित तेच.

आधी मूळ किंमत ठरवा

टक्का काढण्याआधी गिरणी आपल्याला कितीला पडली ते ठरवायला हवं. बिलावर १,८५,००० आहेत, पण गिरणी दुकानात आणून, पायावर बसवून, वीज जोडल्याशिवाय एक किलोही दळण निघणार नाही. म्हणजे वस्तू कामाला लागेपर्यंतचा खर्च तिच्या किमतीतच धरायचा. १,८५,००० अधिक ५,००० अधिक १०,००० म्हणजे २,००,००० रुपये.

मग पट्ट्याचे ३,००० कुठे गेले? ते दुरुस्तीत. गिरणी सुरू झाल्यानंतर ती चालू ठेवायला लागणारा खर्च त्या वर्षाच्या नफा-तोटा खात्यात जातो, यंत्राच्या किमतीत नाही. प्रश्नात ही रक्कम मुद्दाम पेरलेली असते. खर्च यंत्र सुरू होण्याआधीचा की नंतरचा, एवढं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

सरळ रेषा: दरवर्षी तेवढाच घसारा

या पद्धतीत विचार असा असतो की गिरणी दहा वर्षं सारखीच राबणार, म्हणून तिची झीजही दरवर्षी सारखीच धरू. एकूण झीज किती? २,००,००० ला घेतली, शेवटी २०,००० परत येणार. म्हणजे १,८०,००० रुपये दहा वर्षांत वाटायचे. दरवर्षी १८,०००.

इथे भंगार किंमत आधी वजा केली, हे लक्षात ठेवा. का केली? कारण ती रक्कम झिजून जाणार नाही, हातात येणार आहे.

आता तारीख बघा. गिरणी १ ऑक्टोबरला आली, वर्ष ३१ मार्चला संपलं. पहिल्या वर्षी ती सहाच महिने आपल्याकडे होती. म्हणून पहिल्या वर्षी घसारा १८,००० चा निम्मा, म्हणजे ९,०००. पुढची दोन वर्षं पूर्ण, प्रत्येकी १८,०००. विक्रीच्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने, पुन्हा ९,०००.

एकूण घसारा झाला ५४,०००. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत २,००,००० वजा ५४,००० म्हणजे १,४६,००० रुपये.

एक फरक नीट समजून घ्या. आयुष्य आणि भंगार किंमत दिली असेल तर वरच्याप्रमाणे भागाकार करायचा. पण प्रश्नात थेट 'मूळ किमतीवर दरसाल १० टक्के' असं म्हटलं असेल, तर टक्का पूर्ण २,००,००० वर काढायचा. तिथे भंगार किंमत वजा करून मग टक्का काढू नका. दर दिला आहे म्हणजे वाटणी आधीच ठरवून दिली आहे.

घटता शेष: दरवर्षी उरलेल्या रकमेवर

या पद्धतीत टक्का तोच राहतो, पण ज्या रकमेवर तो काढायचा ती दरवर्षी कमी होते. १ एप्रिलला पुस्तकात जेवढी किंमत शिल्लक आहे, तेवढ्यावरच त्या वर्षाचा टक्का.

पहिलं वर्ष: २,००,००० चे २० टक्के म्हणजे ४०,०००, पण सहा महिन्यांचेच, म्हणून २०,०००. शिल्लक १,८०,०००.

दुसरं वर्ष, २०२२-२३: १,८०,००० चे २० टक्के म्हणजे ३६,०००. शिल्लक १,४४,०००.

तिसरं वर्ष, २०२३-२४: १,४४,००० चे २० टक्के म्हणजे २८,८००. शिल्लक १,१५,२००.

विक्रीचं वर्ष: १,१५,२०० चे २० टक्के म्हणजे २३,०४०, त्याचे सहा महिने ११,५२०. विक्रीच्या दिवशी शिल्लक १,०३,६८० रुपये.

एकूण घसारा ९६,३२०.

आता तुम्ही विचाराल, "इथे भंगाराचे २०,००० वजा केलेच नाहीत!" बरोबर, करायचे नसतात. याचं कारण गंमतीशीर आहे. २,००,००० मधून दरवर्षी २० टक्के कमी करत दहा पूर्ण वर्षं गेलात तर शेवटी साधारण २१,४७५ रुपये उरतात. म्हणजे भंगार किमतीच्या अगदी जवळ. बरोबर २०,००० उरायला हवे असतील तर दर साधारण २०.५७ टक्के लागतो. थोडक्यात, भंगार किंमत दराच्या आतच बसवलेली असते. ती पुन्हा वजा केली तर एकाच गोष्टीची वजाबाकी दोनदा होते.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. सरळ रेषेत १८,००० म्हणजे मूळ किमतीच्या ९ टक्के. घटत्या शेषात त्याच कामाला जवळपास २० टक्के लागले. म्हणून 'एसएलएम ९ टक्के, डब्ल्यूडीव्ही २० टक्के, म्हणजे दुसऱ्यात दुपटीहून जास्त झीज' असा निष्कर्ष काढू नका. टक्के वेगवेगळ्या रकमांवर काढलेले आहेत, त्यांची थेट तुलना होत नाही.

आता विक्री: एकाला तोटा, दुसऱ्याला नफा?

गिरणी विकली १,३०,००० ला. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा.

| | सरळ रेषा | घटता शेष |
|---|---|---|
| विक्रीपर्यंतचा घसारा | ५४,००० | ९६,३२० |
| पुस्तकी किंमत | १,४६,००० | १,०३,६८० |
| विक्री किंमत | १,३०,००० | १,३०,००० |
| परिणाम | १६,००० तोटा | २६,३२० नफा |
| एकूण खर्च | ७०,००० | ७०,००० |

गिरणी तीच, गिऱ्हाईक तेच, पैसेही तेवढेच आले. तरी एका वहीत तोटा आणि दुसऱ्या वहीत नफा. मग खरं काय?

शेवटची ओळ बघा. पहिल्या वहीत घसारा ५४,००० अधिक तोटा १६,०००, मिळून ७०,०००. दुसऱ्या वहीत घसारा ९६,३२० वजा नफा २६,३२०, तेही ७०,०००. आणि हा आकडा कुठून आला ते सरळ आहे: २,००,००० दिले, १,३०,००० परत आले. गिरणी वापरायची खरी किंमत ७०,००० पडली. पद्धत बदलल्याने हा आकडा बदलत नाही, तो कोणत्या वर्षात किती टाकला एवढंच बदलतं.

हाच तुमचा ताळा. कोणत्याही विक्रीच्या गणितात शेवटी एकूण घसाऱ्यात तोटा मिळवा किंवा त्यातून नफा वजा करा. उत्तर 'मूळ किंमत वजा विक्री किंमत' एवढं आलं नाही, तर बेरीज-वजाबाकीत कुठेतरी चूक आहे. पण ताळ्याची मर्यादाही समजून घ्या. टक्का चुकीच्या रकमेवर काढला आणि पुढचं सगळं त्याला धरून बरोबर केलं, तरी ताळा जुळतो. म्हणून ताळा बेरजेसाठी, आणि 'टक्का कशावर?' हा प्रश्न पद्धतीसाठी. दोन्ही लागतात.

धंद्यात हे का महत्त्वाचं आहे? समजा, पहिल्या वहीचा मालक म्हणतो, "१,३०,००० ला देणार नाही, माझा १६,००० तोटा होतोय." आणि दुसरा खुश होऊन म्हणतो, "देऊन टाका, नफाच आहे." दोघांचंही कारण चुकीचं आहे. पुस्तकी किंमत म्हणजे बाजारभाव नाही. ती फक्त अजून खर्चात न टाकलेली रक्कम आहे. गिरणी विकायची की ठेवायची हे ठरवताना दोनच गोष्टी बघायच्या: आज बाजारात किती येतात, आणि ठेवली तर पुढे ती किती कमवून देईल. वहीतला नफा-तोटा त्या निर्णयाला मदत करत नाही.

चुकीचे पर्याय कुठून येतात

क्विझमध्ये चार पर्याय असतात. त्यातले चुकीचे पर्याय कुणी डोळे मिटून लिहिलेले नसतात. नेहमीच्या एकेका चुकीचं गणित करूनच ते तयार होतात. म्हणून तुमचं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर आहे असं समजू नका.

याच गिरणीवर प्रश्न असा आला: घटत्या शेषाच्या पद्धतीने ३१ मार्च २०२३ रोजी पुस्तकी किंमत किती? बरोबर उत्तर १,४४,०००. आता चुकीची उत्तरं बघा.

१,४०,००० आलं? तर दुसऱ्या वर्षीही टक्का मूळ २,००,००० वर काढला. पहिल्या वर्षी २०,०००, दुसऱ्या वर्षी ४०,०००. नाव घटत्या शेषाचं, गणित सरळ रेषेचं.

१,२८,००० आलं? तर खरेदीची तारीख वाचलीच नाही. पहिल्या वर्षी पूर्ण ४०,००० घेतले, मग १,६०,००० वर ३२,०००.

१,३३,२०० आलं? तर फक्त बिलाची रक्कम घेतली, टेम्पो आणि बसवणी सोडून दिली. १,८५,००० वर आधी १८,५००, मग उरलेल्या १,६६,५०० वर ३३,३००.

१,२९,६०० आलं? तर भंगाराचे २०,००० आधीच वजा केले आणि १,८०,००० पासून सुरुवात केली.

या चारही चुकांकडे नीट बघा. एका चुकीत महिने विसरले, बाकी तिन्हींत टक्का चुकीच्या रकमेवर निघाला. गुणाकार मात्र चारही ठिकाणी बरोबर आहे. म्हणूनच वही तपासताना आकडे पुन्हा गुणून बघण्यापेक्षा, प्रत्येक वर्षासमोर 'कोणत्या रकमेवर' आणि 'किती महिने' असे दोन रकाने आखा. चूक तिथेच पकडली जाईल.

क्विझचं उत्तर आणि आयकराचं उत्तर

शेवटी एक सावधगिरी. क्विझमध्ये शिकलेलं महिन्यांचं गणित जसंच्या तसं आयकराच्या हिशोबात लावू नका. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शेषाने १५ टक्के घसारा मिळतो, आणि तिथे महिने मोजत नाहीत. वस्तू पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण.

आपली गिरणी १ ऑक्टोबर २०२१ रोजीच कामाला लागली असं धरू. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च म्हणजे १८२ दिवस. म्हणून आयकरात पहिल्या वर्षी पूर्ण १५ टक्के, म्हणजे ३०,०००. तीच गिरणी बसवायला उशीर होऊन ती ५ ऑक्टोबरला सुरू झाली असती, तर १७८ दिवस भरले असते आणि घसारा निम्मा, १५,००० मिळाला असता. चार दिवसांचा फरक. आणि इथे बिलाची तारीख चालत नाही, वस्तू प्रत्यक्ष कामाला कधी लागली ती तारीख धरतात. सप्टेंबरच्या शेवटी यंत्र घेणार असाल तर बसवणाऱ्या कारागिराची तारीख आधी पक्की करा, आणि यंत्र सुरू झाल्याचा कागद जपून ठेवा.

विक्रीचंही तसंच. आयकरात एकाच दराची यंत्रं एका गटात धरतात, त्याला ब्लॉक म्हणतात. गिरणी विकली की आलेले १,३०,००० त्या गटाच्या शिल्लक रकमेतून वजा होतात. गटात दुसरी यंत्रं आणि पुरेशी शिल्लक असेल, तर या एका गिरणीचा वेगळा नफा-तोटा तिथे निघत नाही. म्हणून सीएकडून आलेल्या तक्त्यातला घसारा तुमच्या वहीशी जुळला नाही, तर घाबरू नका. आधी बघा की तो तक्ता कोणत्या नियमाने केला आहे.

आता तुमची पाळी

बेकरीसाठी १ जानेवारी २०२३ रोजी ९६,००० रुपयांचा ओव्हन घेतला. बसवायला ४,००० लागले. घटत्या शेषाच्या पद्धतीने दरसाल १० टक्के घसारा. वर्ष ३१ मार्चला संपतं. ३१ मार्च २०२५ रोजी पुस्तकी किंमत किती?

उत्तर काढा, मगच पुढे वाचा.

बरोबर उत्तर ७८,९७५. पहिल्या वर्षी तीन महिन्यांचे २,५००, शिल्लक ९७,५००. मग ९,७५०, शिल्लक ८७,७५०. मग ८,७७५.

तुमचं ७७,५०० आलं असेल तर टक्का दरवर्षी मूळ किमतीवर काढला. ७२,९०० आलं असेल तर पहिल्या वर्षाचे महिने विसरलात. ७५,८१६ आलं असेल तर बसवणीचे ४,००० राहिले. यापैकी काहीच आलं नसेल, तर पूर्ण गणित कॉमेंटमध्ये लिहा, पण प्रत्येक ओळीसमोर टक्का कोणत्या रकमेवर काढला ते नक्की लिहा. अर्ध्या जणांना लिहिता लिहिताच चूक सापडते.